कर्ज फिटलं, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे

*ताई, नमस्कार. २०१७ साली बँकेचं कर्ज काढून चारचाकी घेतली. शेवटचा हप्ता मार्च २०२२ मध्ये गेला. तेव्हा बँकेकडून दोन-तीन कागद पोस्टाने आले, ते मी फाइलला लावून ठेवले आणि काम झालं असं समजलो. आता गाडी विकायला काढली, गिऱ्हाईकही पक्कं झालं, पण तो म्हणतो की आरसीवर एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जबोज्याची नोंद आहे, आधी ती उतरवा. एनओसी सापडली, पण तिच्यावर नव्वद दिवसांची मुदत छापली आहे. त्यात आरसीवर ज्या बँकेचं नाव आहे ती बँक २०२० मध्येच दुसऱ्या बँकेत विलीन झाली आणि एनओसी या नव्या बँकेच्या नावाची आहे. आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, पाच हजार द्या आणि सगळे कागद माझ्याकडे सोडा, आठ दिवसांत करून देतो. काय करू?*
*— एक वाचक, सातारा जिल्हा*

दादा, एजंटकडे कागद सोडू नका. हे काम तुमचं तुम्हाला करता येईल. अडचण आरटीओत नाही, बँकेच्या कागदात आहे, आणि तो कागद एजंट निर्माण करू शकत नाही. त्यालाही शेवटी तुम्हालाच बँकेत पाठवावं लागेल.

गिऱ्हाईक अडून बसलंय ते बरोबरच आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५१ प्रमाणे आरसीवर कर्जबोज्याची नोंद असेपर्यंत बँकेच्या लेखी संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. कर्ज फिटलं की ही नोंद आपोआप जात नाही. बँकेच्या वहीत तुमचं खातं बंद झालं, एवढंच २०२२ मध्ये घडलं. आरटीओची नोंद वेगळी असते आणि ती काढण्यासाठी गाडीमालकाने अर्ज करावा लागतो. बँकेने पाठवलेले कागद त्याच अर्जाला जोडायचे होते. फार लोकांची इथे गफलत होते, कारण एनओसी हातात आली की काम संपलं असं वाटतं आणि बँकेतही कुणी पुढचं सांगत नाही.

बँकेत जाण्याआधी घरी बसून एक गोष्ट तपासा. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा mParivahan ॲपवर तुमच्या गाडीचा नंबर टाकून माहिती काढा. आरसीच्या कार्डावर काय छापलं आहे यापेक्षा या नोंदीत आज काय आहे ते महत्त्वाचं. काही बँका कर्ज बंद झाल्यावर थेट वाहन प्रणालीत कळवतात. तसं झालं असेल तर नोंद गेलेली असते आणि जुनं कार्ड तेवढं तसंच राहिलेलं असतं. तुमच्या बाबतीत तशी शक्यता कमी वाटते, पण पाहायला पैसे लागत नाहीत. तिथे बँकेचं नाव कसं लिहिलं आहे ते अक्षरन् अक्षर टिपून घ्या. पुढे बँकेला पत्र देताना ते लागेल.

आता फाइल उघडा आणि त्यातले कागद वेगळे करा. एक असेल खातं बंद झाल्याचं किंवा येणं बाकी नसल्याचं पत्र. ते तुमच्या आणि बँकेच्या हिशोबापुरतं असतं, आरटीओला त्याने भागत नाही. दुसरी एनओसी, जिच्यावर गाडीचा नंबर, इंजिन नंबर आणि चासी नंबर असतो आणि बोजा उतरवायला हरकत नाही असं लिहिलेलं असतं. तिसरा कागद म्हणजे फॉर्म ३५, आणि खरा कागद हाच. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम ६१ वाचला तर त्यात एवढंच मागितलं आहे: मालक आणि कर्ज देणारी संस्था या दोघांच्या सह्यांचा फॉर्म ३५, आरसी आणि शुल्क. कर्जाचा करार संपला असं दोघांनी मिळून आरटीओला कळवण्याची ही सूचना आहे. एनओसी तिच्या आधाराला जोडली जाते. तुम्ही पत्रात फक्त एनओसीबद्दल लिहिलंय, म्हणून विचारते, फॉर्म ३५ तुमच्याकडे आहे का? तो दोन प्रतींत असतो, दोन्हींवर बँकेची मूळ सही आणि शिक्का लागतो, झेरॉक्स चालत नाही. नोंद रद्द झाली की एक प्रत बँकेला परत जायची असते, म्हणून दोन. तुमची गाडी मूळची दुसऱ्या जिल्ह्यात नोंदवून नंतर साताऱ्यात आणलेली असेल तर तीन प्रती मागा, एक मूळ नोंदणी झाली त्या कार्यालयासाठी.

एनओसीवरची नव्वद दिवसांची मुदत बँकेने छापलेली असते, नियम ६१ मध्ये तशी अट नाही. पण म्हणून ती घेऊन आरटीओशी वाद घालायला जाऊ नका. कागदावर स्पष्ट लिहिलेली मुदत संपली असेल तर अधिकारी तो परत करणार, आणि त्यांचंही चूक नाही. दरम्यान त्याच गाडीवर पुन्हा कर्ज काढलेलं असू शकतं. तुम्ही काढलेलं नाही हे तुम्हाला माहीत आहे, त्यांना नाही. तेव्हा नवी एनओसी घ्यायची, आणि जुना फॉर्म ३५ सापडला तरी त्याच्याही नव्या प्रती घ्यायच्या. एनओसी नवी आणि फॉर्मवरची बँकेची सही चार वर्षांपूर्वीची, असं जोडलं तर पुन्हा शंका येते.

बँकेच्या नावाचा प्रश्न यातला सगळ्यात नाजूक आहे. १ एप्रिल २०२० ला सार्वजनिक क्षेत्रातल्या बऱ्याच बँका एकत्र आल्या. सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत गेली, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत, अलाहाबाद बँक इंडियन बँकेत, ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्स आणि युनायटेड बँक ऑफ इंडिया पंजाब नॅशनल बँकेत. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल २०१९ ला, देना आणि विजया बँक बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या होत्या. या बँकांच्या कर्जावर घेतलेल्या गाड्यांच्या आरसीवर जुनं नावच राहिलं. आता आरटीओतल्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. नोंदीत एका बँकेचं नाव आहे आणि दुसरीच बँक लिहून देते आहे की आमचं येणं फिटलं. या दोन नावांचा संबंध कागदावर कुठे दिसला नाही तर तो अर्ज परत पाठवणारच.

म्हणून नव्या एनओसीत एक वाक्य असायलाच हवं: आरसीवर नोंद असलेली अमुक बँक तमुक तारखेपासून आमच्या बँकेत विलीन झाली असून त्या कर्जाचे सर्व अधिकार आमच्याकडे आहेत. जुन्या बँकेचं नाव नोंदीत आहे अगदी तसंच त्यात हवं. फॉर्म ३५ वरही बँकेच्या नावाच्या जागी नवं नाव, आणि त्यापुढे पूर्वीची अमुक बँक, असं लिहून घ्या. विलीनीकरणाची राजपत्रातली अधिसूचना बँकेकडे असते, तिची एक प्रत मागून ठेवा. ती लागेलच असं नाही, पण लागली तर पुन्हा बँकेची खेप पडणार नाही.

बँकेत जाताना तोंडी मागणी करू नका, लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोहोच घ्या. अर्जात कर्ज खात्याचा क्रमांक, गाडीचा नंबर, कर्ज बंद झाल्याची तारीख आणि जुन्या एनओसीचा उल्लेख करा. विलीनीकरणानंतर कर्ज खात्यांचे क्रमांक बऱ्याचदा बदललेले असतात, म्हणून जुनं मंजुरीपत्र किंवा जुना खाते उतारा सोबत न्या. जुना आणि नवा दोन्ही क्रमांक असतील तर कर्मचाऱ्याला खातं लगेच सापडतं. एकदा खात्री करून घ्या की खातं खरोखर बंद आहे. कधी कधी शेवटचा हप्ता गेलेला असतो, पण मधल्या एखाद्या न वटलेल्या हप्त्याचा दंड बाकी राहिलेला असतो आणि त्या थोड्या रुपयांवर खातं उघडंच राहतं. तुम्हाला एकदा एनओसी मिळालेली आहे, त्यामुळे तसं नसावं. दुसऱ्यांदा एनओसी देण्याचं शुल्क मागितलं तर रीतसर पावती घ्या.

कागद हातात आले की काउंटर सोडण्याआधी आरसी शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. हे कंटाळवाणं आहे, पण अर्ज परत येण्याचं हे नेहमीचं कारण आहे. तुमच्या गाडीचा चासी नंबर सतरा अक्षरांचा असेल. अशा सतरा अक्षरी नंबरात इंग्रजी I, O आणि Q ही अक्षरं वापरतच नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. तेव्हा एनओसीत कुठे O दिसला तर तो शून्य असायला हवा, आणि I दिसला तर एक. टाइप करणाऱ्याची चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून नवीन प्रत घ्या. खाडाखोड करून वर सही केलेला कागद घेऊ नका. तुमचं नाव आरसीवर आहे तसंच आहे ना, करार संपल्याची तारीख एनओसीवर आणि फॉर्म ३५ वर एकच आहे ना, सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा शिक्क्यात वाचता येतो ना, हेही पाहा. फॉर्मवर तुमची सही आरसीच्या वेळी केली होती तशीच करा.

नव्या एनओसीवर पुन्हा मुदत असेलच. एनओसीवरच्या तारखेपासून दिवस मोजले जातात हे लक्षात ठेवून त्याच आठवड्यात अर्ज करा.

अर्ज vahan.parivahan.gov.in वर होतो. गाडीचा नंबर टाकून तुमचं आरटीओ कार्यालय निवडायचं, चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे द्यायचे आणि नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. २०१७ च्या गाड्यांमध्ये इथेच पुष्कळ जण अडकतात, कारण तेव्हा शोरूमवाल्याने भलताच नंबर टाकलेला असतो, किंवा तुमचा तेव्हाचा नंबर आता बंद झालेला असतो. तसं असेल तर आधी मोबाईल नंबर बदलण्याची सेवा वापरा. त्यासाठी आरसीवरची माहिती लागते, म्हणून ती समोर ठेवा. मग सेवांच्या यादीतून `Hypothecation Termination` निवडा. विमा आणि पीयूसी चालू असायला हवेत. गाडीवर ई-चलनं थकली असतील तर तीही आधी भरून टाका, नाहीतर गाडीच्या नंबरवर अडथळा दाखवून अर्ज पुढे सरकत नाही. शुल्क भरण्याआधी पडद्यावर किती ते दिसतं. सरकारला द्यायचे पैसे तेवढेच. एजंटचे पाच हजार आणि तो आकडा शेजारी ठेवून बघा.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२१ मध्ये ज्या अठरा सेवा आधार-पडताळणीने कार्यालयात न जाता मिळाव्यात असं ठरवलं, त्यात कर्जबोजा चढवणं आणि उतरवणं या दोन्ही आहेत. आधारवरचं तुमचं नाव आरसीवरच्या नावाशी जुळत असेल तर तो मार्ग घ्या. एका ठिकाणी वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे फक्त आद्याक्षर असं असेल तर पडताळणी फसण्याची शक्यता असते. मग कागद अपलोड करून, पैसे भरून, अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागद घेऊन कार्यालयात जायचं. मूळ कागद देण्याआधी प्रत्येकाची झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि अर्ज क्रमांक जपून ठेवा. त्या क्रमांकावर अर्ज कुठपर्यंत आला ते दिसतं. अर्ज परत आला असेल तर शेऱ्यात कारण लिहिलेलं असतं, आणि ते कारण वाचून नेमकी तीच दुरुस्ती केली की बहुतेक वेळा काम होतं. शेरा न वाचता तेच कागद पुन्हा पाठवणारे पुन्हा तिथेच अडकतात.

मंजुरी मिळाली की ऑनलाइन नोंदीतून बँकेचं नाव आधी जातं, नवं आरसी कार्ड पोस्टाने मागाहून येतं. ते आरसीवरच्या पत्त्यावर येतं. तुम्ही मधल्या काळात घर बदललं असेल तर जुन्या घरमालकाला किंवा शेजाऱ्यांना सांगून ठेवा. कार्ड यायच्या आधीही डिजिलॉकरमध्ये नवी आरसी काढून गिऱ्हाईकाला दाखवता येईल.

गिऱ्हाईकाबद्दल एक काळजीची गोष्ट. घाई झाली म्हणून गाडी आत्ताच ताब्यात देऊन, हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून ठेवू नका. एजंट नेमकं हेच सुचवतात, की बोजा उतरवणं आणि नावावर करणं दोन्ही एकदम करू. बँकेच्या कागदात एखादी चूक निघाली तर दोन्ही अर्ज अडकतात आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या हातात, नोंद तुमच्या नावावर. त्या काळात अपघात झाला तर नोटीस तुमच्या घरी येईल. गिऱ्हाईकाला सरळ सांगा की थोडं थांब, रक्कम ठरवून साधी लेखी पावती करून इसार घ्या, आणि नोंद स्वच्छ झाली की मग हस्तांतराचे फॉर्म भरा. खरा घेणारा थांबतो. त्याच्याही हिताचं तेच आहे.

विम्याचं कुणी बोलत नाही म्हणून सांगते. तुमच्या विमा पॉलिसीवर बहुधा अजून त्या बँकेचं नाव असेल. त्या शेऱ्याला आयएमटी ७ म्हणतात. त्याचा अर्थ असा की गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विम्याचे पैसे आधी बँकेकडे जायचे. कर्ज फिटलेलं असलं तरी विमा कंपनी बँकेचं पत्र आणल्याशिवाय तुम्हाला पैसे देत नाही, आणि ते पत्र आणण्यात महिने जातात. नोंद रद्द झाली की नव्या आरसीची आणि एनओसीची प्रत कंपनीला पाठवून हा शेरा काढून घ्या. तुम्ही गाडी विकणारच आहात, पण विक्री लांबली तर हे लगेच करा. आणि हे वाचणाऱ्या ज्यांना गाडी विकायची नाही त्यांनीही करावं, बोजा उतरवण्याचं सगळ्यात मोठं कारण मला तरी विक्रीपेक्षा हेच वाटतं.

बँकेने टाळाटाळ केली तर काय, हेही बघू. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ ला सूचना काढली की वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि कुठल्याही नोंदवहीतला बोजा काढायचा. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई ग्राहकाला द्यायची. स्वतःच्या वापराच्या गाडीचं कर्ज यात येतं, धंद्यासाठी घेतलेल्या गाडीचं येत नाही. पण हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून पुढच्या प्रकरणांना लागू आहे. तुमचं कर्ज २०२२ मध्ये फिटलं आणि बँकेने कागद तेव्हा दिलेही होते, म्हणून या भरपाईवर तुमचा हक्क बसत नाही. काउंटरवर जाऊन पाच हजारांचं नाव काढलंत तर बँकेला ते खोडणं सोपं जाईल आणि तुमची रास्त मागणी मागे पडेल.

तुमची मागणी वेगळी आणि साधी आहे: कर्ज फिटलं हे बँकेला मान्य आहे, आरसीवर तिच्या पूर्वीच्या रूपाचं नाव आहे, तेव्हा तिने सही करून द्यावी. शाखेत दाद लागली नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा आणि तिचा क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही. तिथे पोहोच घेतलेला अर्ज आणि तक्रार क्रमांक दोन्ही जोडा. शाखेत न जाता थेट लोकपालांकडे गेलात तर आधी बँकेकडे जा म्हणून तक्रार परत येते.

तेव्हा सोमवारी पहिली खेप बँकेची, हातात अर्जाच्या दोन प्रती, आरसी, जुनी एनओसी आणि २०१७ चं मंजुरीपत्र घेऊन. फॉर्म ३५ बद्दल मी विचारलेलं मात्र आज रात्रीच फाइलमध्ये बघा.